दिव्या दिव्या दीपत्कार आणि ब वर्गातली दिव्या

जून संपत आला होता, पाऊस नुसताच भुरभुरत होता, ऑफिसातून येऊन हातपाय धुतले, देवापाशी निरांजन लावलं आणि लेकीला हाक मारली. आमच्याकडे हे रोज होतं असं अजिबात नाही हां, आठवड्यातून चारदा जमलं तरी मी स्वतःवर खूश असते. ती आली, हात जोडले, ‘शुभं करोति कल्याणम्’ राजधानी एक्सप्रेससारखं धडाधडा म्हणून टाकलं आणि ‘दिव्या दिव्या’ला येऊन गाडी थांबली. मी म्हंटलं पुढे म्हण की. नाही म्हणणार. का गं? तर खाली बघत, अगदी गंभीरपणे, ‘दिव्या माझी शत्रू आहे. मी तिला नमस्कार नाही करणार.’

मला कळेचना आधी. मग एकदम ट्यूब पेटली. तिच्या वर्गात दिव्या आहे. शेजारच्या बाकावर बसते, डब्यात रोज काहीतरी भारी आणते, आणि तिच्या कानात खरोखरच मोत्याची छोटी छोटी कुंडलं आहेत, मी गॅदरिंगला बघितलीयत. म्हणजे गेलं वर्षभर माझी पाच वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी मनोभावे हात जोडून आपल्या मैत्रिणीचं वर्णन करत होती. दिव्या, दिव्या, कानात कुंडलं, गळ्यात मोत्यांचा हार, दिव्याला पाहून नमस्कार. तिच्या दृष्टीने सगळं बरोबर जुळत होतं. फक्त त्या दिवशी खोडरबरवरून दोघींचं वाजलं होतं.

हसले मी खूप, नवऱ्याला सांगितलं, आईला फोन करून सांगितलं, ऑफिसात पण किस्सा सांगून झाला. पण रात्री पडल्या पडल्या ते टोचायला लागलं. समोर दिवा जळत होता आणि ती ओळ त्याच्याबद्दल आहे हे वर्षभरात तिला कधी वाटलंच नाही, आणि आपण कधी सांगितलंही नाही.

कसं शिकवलं होतं आपण? खरं सांगायचं तर यूट्यूबने शिकवलं होतं. तिसऱ्या वर्षी मोबाईलवर लावून द्यायचे, मागे बासरी, मुलांचा कोरस, स्क्रीनवर मोठ्ठ्या डोळ्यांची कार्टून मुलगी हात जोडून उभी. पाठ झालं, अगदी चोख झालं, इतकं चोख की व्हिडिओत जिथे दोन ओळींच्या मध्ये म्युझिक आहे तिथे ही थांबायची आणि तोंडाने ‘टिंग टिडिंग’ वाजवून मगच पुढे जायची. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवताना पण टिंग टिडिंग. सगळे कौतुकाने हसायचे, मी पण. पण व्हिडिओ बघताना दिव्याकडे पाठ असते ना, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

माझी आजी वाईला असायची. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिकडे, दिवसभर उनाडायचं, घाटावर, गल्लीत, आणि तिन्हीसांजा झाल्या की ती ओट्यावर येऊन नुसती उभी राहायची, हाक मारायची नाही. आम्ही आपोआप घरी. हातपाय धुवा, केस सारखे करा, पण केस दिवा लावायच्या आधी विंचरायचे, नंतर नाही. केर आधीच काढून झालेला असायचा कारण दिवेलागणीला केर काढला तर लक्ष्मी जाते म्हणे. कोणी झोपलेलं असेल तर उठवायचे. मीठ, दही शेजारी मागायला आलं तर ‘सकाळी ने गं’ असं सांगायचे. या सगळ्या नियमांचा मला तेव्हा वैताग यायचा आणि आजही त्यातले निम्मे मी पाळत नाही, पण एक झालं, त्या नियमांमुळे दिवा लागायच्या आधीच घर जरा थबकायचं. पुढचं दार उघडं ठेवायचे. मग आजी समईत तेल घालायची, वात बोटाने पुढे सारायची, तेच तेलकट बोट आपल्या केसांना पुसायची (हे मला फार आवडायचं), काडी ओढायची, आणि काडीचा तो वास, तेलाचा वास, स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास, आणि कडकडून लागलेली भूक. शुभं करोति झालं की जेवण नाहीच, मग परवचा. पाढे नुसते बे एके बे नव्हे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे. औटकीला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याला, सगळेच अडखळायचे आणि आजीला मात्र तो झोपेतही यायचा. ती चौथी शिकलेली होती.

मुलींनी वाती वळायच्या, मुलांनी नाही, हा एक राग आहे माझा अजून. भाऊ ओट्यावर पाय हलवत बसायचा आणि मी आणि मामेबहीण कापूस पिंजत. पण त्यामुळे वात मला येते आणि त्याला येत नाही, आता काय म्हणायचं.

तर आजीने आम्हाला शुभं करोति शिकवल्याचं मला आठवतच नाही. कधी शिकवलं? ती म्हणायची आणि प्रत्येक चरणाचा शेवट आमच्यासाठी सोडून द्यायची. ‘आरोग्यं धन...’ आणि आमच्याकडे बघायची. आम्ही ओरडायचो ‘संपदा!’ मग ‘शत्रुबुद्धि विना...’ ‘शाय!’ अर्धा शब्द तिचा अर्धा आमचा. हळूहळू ती कमी म्हणायला लागायची आणि आम्ही जास्त, आणि एक दिवस ती नुसतीच ओठ हलवत असायची. गुरुजींकडे संथा घेतात त्यात गुरुजी एकदा म्हणतात आणि मुलं दोनदा, ते वेगळं, ते पक्कं पाठ करण्यासाठी. आजीची पद्धत शेवटाकडून सुरुवातीकडे जाणारी होती. आता विचार केला की लक्षात येतं त्यात हुशारी काय होती, पोराला शेवट आधी येतो, त्यामुळे म्हणताना ते सतत न येणाऱ्याकडून येणाऱ्याकडे जातं, मध्ये अडकून रडारड होत नाही. आपण सुरुवातीपासून घोकून घेतो आणि मग पहिली ओळ जोरात आणि शेवटची ओळ गुळुगुळू.

मग मी ठरवलं, आषाढ अमावास्येपर्यंत वेळ आहे (तीच हो, जिला आता सगळे गटारी म्हणून ओळखतात, खरी ती दिव्यांची अवस), तोपर्यंत हिला हे पुन्हा पहिल्यापासून द्यायचं. मोबाईल बंद. आणि संस्कृतपासून नाही, मराठीपासून, म्हणजे जिथे ती अडकली होती तिथूनच. आपल्याकडचं हे जे सांजेचं म्हणणं आहे ते खरं तर दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना शिवून केलेलं आहे. वर एक संस्कृत श्लोक, घडीव, मोजून मापून. आणि खाली मराठी ओळी, कोण्या आजीने कडेवरच्या पोराला दिवा दाखवत जुळवल्यासारख्या. मुलाला आधी कळण्यासारखं जे आहे ते खालच्या भागात आहे, आणि आपण वरून सुरू करतो.

पहिल्या दिवशी मी फक्त एक केलं, ट्यूबलाईट बंद केली.

हे इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. आमचं देवघर स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला, वर पांढरी झगझगीत ट्यूब, त्यात निरांजन लावलं काय आणि नाही लावलं काय, ज्योत दिसते पण उजेड दिसत नाही. ट्यूब बंद केली, एक्झॉस्ट फॅन पण बंद केला कारण ज्योत फडफडत होती, आणि एकदम ओटा, बरण्या, फ्रिजचं हँडल सगळं पिवळं झालं. लेक गप्प झाली, ती एरवी कधी गप्प नसते. मी म्हंटलं डोळे किलकिले कर, अगदी थोडे उघडे ठेव, आता बघ दिव्याकडे. बघा तुम्ही पण करून. ज्योतीतून प्रकाशाच्या काड्या फुटतात, आणि पापण्या ओल्या असतील तर त्या काड्यांवर मणी मणी दिसतात. ती किंचाळली, ‘हार!’ मी काहीच बोलले नव्हते. निरांजनाच्या पितळी काठावर तुपाचे दोन थेंब ओघळलेले होते, ते पण चमकत होते एक इकडे एक तिकडे. ती म्हणाली हे कानातले. मग मी म्हंटलं आता म्हण. ‘दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडले मोतीहार, दिव्याला पाहून नमस्कार.’ म्हणाली, पण मध्येच थांबून विचारलं, ‘पण याचं नाव दिव्या कसं? हा तर दिवा आहे.’

हा प्रश्न मला हवाच होता. मराठीत आपण हाक मारताना शब्द बदलतो, हे पाच वर्षांच्या मुलाला व्याकरण म्हणून सांगता येणार नाही पण खेळ म्हणून येतं. मी म्हंटलं, समजा घोड्याला हाक मारायची, काय म्हणशील? ‘ए घोडा.’ नाही, ‘ए घोड्या!’ आंब्याला? ‘ए आंब्या!’ डब्याला? ‘ए डब्या!’ मग दिव्याला? थोडा वेळ गेला आणि मग डोळे मोठे. ‘ए दिव्या!’ त्यानंतरचा अर्धा तास आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला हाक मारण्यात गेला, ए पंख्या, ए तव्या, ए फळ्या, आणि बाबा आल्यावर ए बाब्या, ते मात्र त्याला फारसं आवडलं नाही. दीपत्कार म्हणजे काय तेही विचारलं तिने. मी म्हंटलं टणत्कार, झणत्कार असतो ना तलवारींचा, तसा हा दिव्याचा, पेटताना डोळ्यांना जे होतं ते. पटलं तिला. चमकताना आवाज होत नाही आणि झाला असता तर तो असाच झाला असता.

पुढचे तीनचार दिवस एवढंच, फक्त ह्या तीन ओळी. आजी असती तर म्हणाली असती की बाकीचं सोडलं वाटतं. पण एक गोष्ट नीट बसल्याशिवाय दुसरी द्यायची नाही हे मी ठरवलं होतं आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी साडेसातला माझ्यातही तेवढीच ताकद उरलेली असते.

मग ‘दिवा लावला देवापाशी, उजेड पडला तुळशीपाशी’. ही ओळ मी लहानपणी विचारच न करता म्हणायचे कारण वाईच्या घरात ती समोर घडत होती. देवघराला मागच्या अंगाला छोटी खिडकी, गज असलेली, आणि खिडकीच्या समोर सरळ रेषेत वृंदावन. समई लावली की गजांच्या सावल्यांसकट उजेडाची एक पट्टी अंगणात जाऊन वृंदावनाच्या कोनाड्यापर्यंत पोचायची. आजी तिथे वेगळी पणती लावायची ती नंतर. म्हणजे ती ओळ त्या घराचा नकाशाच आहे की. कुठे दिवा ठेवायचा, तुळस कुठे, मधे काय अडवत नाही, सगळं त्यात आहे. पण आमच्या फ्लॅटमध्ये देव फ्रिजशेजारी आणि तुळस हॉलच्या बाल्कनीत ग्रिलला टांगलेल्या कुंडीत, मधे दोन भिंती आणि एक सोफा. उजेड कसा पडणार? मी लेकीला म्हंटलं चल बघू कुठपर्यंत जातो. सगळे दिवे बंद केले, नवरा म्हणाला आता काय भूतबंगला का, आणि आम्ही दोघी दिव्याकडे पाठ करून आपापल्या सावलीच्या मागे मागे निघालो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत स्पष्ट, पॅसेजमध्ये जेमतेम, हॉलमध्ये काही नाही, तिथे समोरच्या बिल्डिंगच्या पार्किंगचा पांढरा उजेड. तिचा चेहरा पडला. म्हणाली मग आपण खोटं म्हणतो?

मला उत्तर सुचलं नाही. तीच म्हणाली तुळशीला आत आणू. कुंडी आली आत, पॅसेजच्या तोंडाशी स्टुलावर, थोडी माती सांडली, पण उजेड पोचला, आणि मग ‘माझा नमस्कार सर्व देवांपाशी’. आता रोज संध्याकाळी कुंडी आत आणि रात्री बाहेर, पावसाळ्यात पाणी गळतं सगळं, पायपुसणं खाली घालावं लागतं. पण ती ओळ आता ती कधीच गुळुगुळू म्हणत नाही, ती ओळ खरी करण्यात तिचे कष्ट आहेत.

आमच्या घरी पुढे अजून आहे, ‘तिळाचं तेल, कापसाची वात, दिवा जळो सारी रात’, मग घरातली इडापीडा बाहेर जावो, बाहेरची लक्ष्मी घरात येवो, घरच्या धन्याला उदंड आयुष्य लाभो. प्रत्येक घरात हे थोडं वेगळं असतं, माझ्या सासूबाई मध्यान्ह रात म्हणतात. धन्याचं मी बदललंय, आम्ही ‘घरातल्या सगळ्यांना’ म्हणतो, लयीत जरा ठेच लागते पण लागू दे. तेलाच्या ओळीसाठी मी तिला वात करायला बसवलं. आणि भावाच्या मुलालाही, तो सुट्टीला आला होता, मुद्दाम. कापसाचा चिमूटभर पुंजका, त्यातल्या सरकीच्या काळ्या बारीक कणांना काढून टाकायचं, पसरायचा, बोटाला किंचित दुधाचा हात आणि तळव्यांमध्ये वळायचं. पहिल्या दहा वाती अळ्यांसारख्या झाल्या. सैल वळलेली वात भराभर जळून जाते आणि फार घट्ट पिळली तर तेल वर चढतच नाही, ज्योत मुगाएवढी राहते आणि विझते, हे त्यांना करूनच कळलं. वात समईच्या काठाबाहेर नखाएवढी ठेवायची, जास्त काढली की ज्योत लांब होते, धूर धरते आणि वरच्या फळीला काजळी. भाच्याने विचारलं कापूस जळून संपत कसा नाही, तर म्हंटलं जळतंय ते तेल, कापूस त्याला फक्त वर आणून देतो, तेल संपलं की मग कापसाची पाळी. त्याने मुद्दाम तेल संपू दिलं आणि तो करपट वास घेतला. झालं समाधान. आणि एक गंमत त्यांना सांगितली पण ती मला स्वतःलाच जास्त आवडते, तेल हा शब्दच तिळापासून आला, तैल म्हणजे तिळाचं ते. म्हणजे तिळाचं तेल म्हणणं म्हणजे तिळाचं तिळाचं. आमच्या समईत खरं तर शेंगदाण्याचं असतं.

इथपर्यंत दोन आठवडे गेले आणि मग वरच्या श्लोकाला हात घातला.

तो तिला येतच होता, म्हणजे तोंडाला येत होता. अनुष्टुभ आहे तो, आठ आठ अक्षरांचे चार चरण, म्हणून मी अंगठे सोडून दोन्ही हातांची आठ बोटं धरली. शु-भं-क-रो-ति-क-ल्या-णं, आठ. आ-रो-ग्यं-ध-न-सं-प-दा, आठ. बोटं बरोबर संपतात हे तिला जादूसारखं वाटलं. आणि यात पहिल्यांदा चुका पकडता आल्या, एकीला सोडून. आपल्यातले कितीतरी लोक शेवटी ‘दीपज्योती नमस्तुते’ म्हणतात, मीही कित्येक वर्षं म्हणत होते. मोजून बघा, दी-प-ज्यो-ती-न-म-स्तु-ते, आठच भरतात, म्हणून कानाला खटकत नाही. पण त्यात ‘असो’ हरवतो. नमः अस्तु ते, तुला नमस्कार असो, ते जोडून होतं नमोऽस्तु ते. नमस्ते मधला तोच नमः आणि तोच ते. तिला म्हंटलं तू वॉचमनकाकांना नमस्ते म्हणतेस ना, तसंच दिव्याला म्हणायचंय, फक्त मध्ये ‘असो’ घालून. आणि दीपज्योतिर्नमो, असा र चा फटका. र म्हणायला तिला इतकं आवडलं की आता तो चार घरं पलीकडे ऐकू जातो. धनसंपदा की धनसंपदाम्, यात मी पडले नाही. करोति म्हणजे करतो आणि जे करतो त्याला तो म् लागायला हवा, संपदाम्, पण आपल्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या संपदा म्हंटलंय आणि लक्ष्मी काही व्याकरण तपासून येत नसावी.

अर्थ सांगताना एक माझ्याच आधी लक्षात आलं नव्हतं. पहिली ओळ दिव्याबद्दल आहे, तो शुभ करतो, कल्याण करतो, आरोग्य देतो, पैसाअडका देतो. आणि शेवटी एकदम दिव्याशी बोलणं, तुला नमस्कार. म्हणजे कुणाबद्दल तरी बोलता बोलता तोंड वळवून त्याच्याशीच बोलायला लागावं तसं. लेकीला हे करून दाखवलं, पहिले दोन चरण बाबाकडे बघत म्हणायचे, जणू त्याला सांगतोय की हा बघ किती गुणाचा आहे, आणि शेवटचा चरण वळून दिव्याकडे. बाबाला उभं राहावं लागतं त्यामुळे.

राहिला तिसरा चरण. मी तो टाळतच होते. शत्रुबुद्धिविनाशाय.

‘शत्रू’ हा शब्द तिने शिवाजी महाराजांच्या गोष्टींतून उचललाय, त्यामुळे तिच्या डोक्यात शत्रू म्हणजे अफजलखान, आणि विनाश म्हणजे वाघनखं. मोठ्या माणसांनाही यात हेच वाटतं, शत्रूच्या बुद्धीचा नाश होवो, त्याच्या डोक्यात वाईट येतंय ते जळून जावो. हा अर्थ चूक नाही, समास तसाही सुटतो. पण आपल्याकडे बुद्धी शेवटी असलेले अजून शब्द आहेत. देहबुद्धी. संतांच्या वाङ्मयात पानोपानी आहे तो. देहबुद्धी म्हणजे काही देहाची अक्कल नव्हे, मी म्हणजे देहच असं धरून बसणं. भेदबुद्धी म्हणजे हा वेगळा तो वेगळा असं मानणं. तसं शत्रुबुद्धी म्हणजे अमका माझा शत्रू असं जे मनात धरलेलं असतं ते, आणि ते असतं आपल्याच डोक्यात. मला हा दुसरा अर्थ जास्त पटतो, आणि मागचापुढचा संदर्भ पण, आरोग्य मागतोय, बरं होऊ दे म्हणतोय, तिथे मधेच लढाई कुठून आली.

पण पाच वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं? मी दोनतीनदा सुरुवात केली आणि माझंच मला प्रवचन वाटायला लागलं. शेवटी म्हंटलं, त्या दिवशी दिव्या तुझी शत्रू होती ना, ती कुठे होती शत्रू? तिच्या पोटात, दप्तरात, कुठे? विचार करून म्हणाली, ‘माझ्या डोक्यात. पण तिने खोडरबर खरंच घेतलं होतं.’ हो घेतलं होतं. ते खोटं नाही. ‘मग दिवा तिला रागावणार नाही?’ नाही, दिवा कोणाला रागावत नाही. ‘मग माझं खोडरबर?’

याचं उत्तर श्लोकात नाही.

दोघींची भांडणं अर्थात केव्हाच मिटली होती, आपापली, आमच्या कुणाच्याही मदतीशिवाय, खोडरबर परत न येताच. आषाढ अमावास्येला शाळा लवकर सुटली आणि दिव्या आमच्याकडे खेळायला आली. मी घरातले सगळे दिवे काढले होते, समई, दोन निरांजनं, सासूबाईंचा लामणदिवा, चिंच लावून घासायला मुलींना बसवलं, हात आंबट आणि काळे, फ्रॉकही काळे. संध्याकाळी पाटावर मांडले, गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे उकडले, त्यात तूप आणि वात. ट्यूब बंद. तुळस स्टुलावर. पॅसेजपर्यंत सगळं पिवळं झालं आणि दिव्या, कुंडलांवर तो उजेड घेऊन, हात जोडून उभी राहिली आणि कोणी न सांगता म्हणायला लागली, ‘शुभं करोति कल्याणम्’. धारवाडची आहेत ती माणसं, तिची आजीही दिवा लावताना हाच श्लोक म्हणते. दिव्या ‘संपदाम्’ म्हणाली, स्वच्छ, म् सकट. माझी लेक तिच्याकडे आदराने बघायला लागली. नमोऽस्तु ते पर्यंत दोघी बरोबर, र चा फटका दुप्पट.

आणि मग दिव्याने हात सोडले. तिचं संपलं होतं. माझी लेक एकटीच पुढे निघाली, ‘दिव्या दिव्या दीपत्कार’, आणि दिव्या चमकून बघायला लागली की ही आपल्याला का हाक मारतेय. लेक थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आणि मग हळूहळू पसरत जाणारा प्रचंड आनंद.

‘तुझंच नाव आहे, आणि तुलाच येत नाही?’

आणि मग ती तिला ‘ए घोड्या, ए डब्या’पासून शिकवायला बसली. कणकेचे दिवे गार झाले.